शेवटचे तीन हजार नंतर द्या

‘एकदम कडक कंडिशन. सिंगल हँड. पेपर क्लिअर. आजच भेट द्या.’ जुन्या दुचाकींच्या दुकानावरचा फ्लेक्स असो, स्थानिक दैनिकातली छोटी जाहिरात असो की व्हॉट्सॲपवर फिरणारा गाडीचा फोटो असो, मजकूर थोड्याफार फरकाने हाच असतो. सचोटीचा दुकानदार हेच लिहितो आणि फसवणाराही हेच लिहितो, कारण हे लिहायला काहीच लागत नाही. ज्याने गाडी खरोखर तपासली, कर्जाचा बोजा उतरवून घेतला, थकलेली चलनं भरली, त्याचं ते सगळं काम या चार तुकड्यांत कुठेच दिसत नाही. मग गिऱ्हाईक दोघांना एकाच मापाने मोजतं आणि भाव पाडून मागतं. यात सर्वांत जास्त नुकसान होतं ते नीट धंदा करणाऱ्याचं.

म्हणून इथे अशा दुकानदाराची एक जाहिरात बांधून पाहू. नव्वदच्या आसपास शब्दांची, वर्तमानपत्राच्या दोन कॉलमांत सहज मावेल अशी. अट एकच: तिच्यातलं प्रत्येक वाक्य असं हवं की ते खोटं असेल तर गिऱ्हाइकाला ते पकडता यावं, आणि शक्यतो दुकानात उभं राहूनच. उदाहरणादाखल सांगलीतला एक दुकानदार घेऊ आणि त्याच्याकडे आलेली 125 सीसीची एक मोटरसायकल घेऊ. पासिंग नोव्हेंबर 2019चं, मीटरवर 38,400 किलोमीटर, अपेक्षित किंमत 46,000 रुपये. गाडी आणि आकडे उदाहरणापुरते आहेत. कागद, नियम आणि तपासणी मात्र खरी आहे.

आधी ‘सिंगल हँड’कडे पाहू. गाडी एकाच मालकाने वापरली, असा दुकानदाराचा दावा असतो आणि पुरावा म्हणून तो आरसीवरचं नाव दाखवतो. पण आरसीवर पहिल्या मालकाचं नाव असणं आणि गाडी एकाच माणसाने चालवलेली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ मालक गाडी विकतो तेव्हा नाव-बदलासाठी दोन फॉर्म लागतात: 29 आणि 30. बाजारात त्यांना सरसकट ‘टीटी फॉर्म’ म्हणतात. दुकानदार मूळ मालकाच्या सह्या कोऱ्या फॉर्मवर घेऊन ठेवतो. खरेदीदाराचा रकाना आणि तारीख रिकामीच असते. मग गाडी एकाला विकली जाते. तो वर्षभर फिरवतो, नावावर करतच नाही, आणि त्याच कोऱ्या फॉर्मांसह पुढच्याला विकतो. असे दोन-तीन हात फिरून ती पुन्हा कुठल्या तरी दुकानात येते, तेव्हाही आरसीवर पहिल्याच मालकाचं नाव असतं. कागदावर ‘फर्स्ट ओनर’, प्रत्यक्षात चौथा हात.

याचा त्रास दोन्ही टोकांना होतो. खरेदीदार नाव-बदलाला जातो तेव्हा मूळ मालकाचा मोबाइल नंबर बदललेला असतो आणि ऑनलाइन अर्जाचा ओटीपी कुठे जातो ते कळत नाही. किंवा सही जुळत नाही. किंवा मालक वारलेला असतो, आणि मग टीटी फॉर्मांचा उपयोग संपून वारसांकडून वेगळा फॉर्म, दाखले आणि संमती गोळा करावी लागते. दुसऱ्या टोकाला, ज्याने पाच वर्षांपूर्वी गाडी विकून पैसे मोजून घेतले, त्याच्या मोबाइलवर अनोळखी गावातल्या सिग्नलचं चलन येतं. चलनापर्यंतच थांबलं तर बरं. सर्वोच्च न्यायालयाने 2018मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचं नाव आहे, तोच कायद्याच्या नजरेत मालक. त्या प्रकरणातली गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती. शेवटी अपघात झाला आणि नुकसानभरपाईची जबाबदारी आली ती ज्याचं नाव नोंदीत राहिलं होतं त्या पहिल्या मालकावर. गाडी आपण कधीच विकली होती, हे त्याचं म्हणणं चाललं नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम 50 याबाबत सरळ आहे. विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं. पण मधे दुकानदार आला की हे चक्र अडकायचं, कारण दुकानदाराला गाडी स्वतःच्या नावावर करायची नसते आणि पुढचं गिऱ्हाईक अजून आलेलं नसतं. ही पोकळी भरण्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर 2022मध्ये नियमांत बदल केले आणि ते 1 एप्रिल 2023पासून लागू झाले. या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या दुकानदाराने परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घ्यायचं असतं. ते पाच वर्षं चालतं. मालकाने गाडी दुकानात सोडली की दोघांनी मिळून फॉर्म 29सी ऑनलाइन भरायचा. त्या क्षणापासून ती गाडी विकली जाईपर्यंत दुकानदारच मालक मानला जातो. त्या काळात ती गाडी कुठे फिरली, तर त्याचं उत्तर त्याने द्यायचं. गिऱ्हाइकाला चालवून दाखवणं, दुरुस्तीला किंवा तपासणीला नेणं एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर काढता येते आणि अशा प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी लागते. त्याच्या ताब्यातल्या गाडीचा नाव-बदल, एनओसी, दुय्यम आरसी यांचे अर्जही तो स्वतः करू शकतो.

जाहिरात लिहिणाऱ्याला यात एक सोन्यासारखं वाक्य मिळतं. ‘पेपर क्लिअर’ या दोन शब्दांच्या जागी ‘आमच्याकडे परिवहन कार्यालयाचं अधिकारपत्र आहे, या गाडीचा 29सी भरलेला आहे, पाहायला मागा’ असं लिहिता येतं. ज्याच्याकडे अधिकारपत्र नाही, तो हे वाक्य उचलू शकत नाही. उचललंच, तर पहिल्या जाणत्या गिऱ्हाइकासमोर उघडा पडेल.

कागदांतली पुढची गोष्ट म्हणजे कर्ज. दुचाकी हप्त्यावर घेतलेली असली तर आरसीवर वित्तसंस्थेचं नाव बोजा म्हणून नोंदलेलं असतं. बोलीभाषेत याला ‘एचपी’ म्हणतात. शेवटचा हप्ता भरला की बोजा आपोआप उतरतो, अशी पुष्कळांची समजूत असते. तो आपोआप उतरेल असं धरून चालू नये. वित्तसंस्थेने ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 द्यायचा आणि तो परिवहन कार्यालयात दाखल करून आरसीवरची नोंद काढून घ्यायची. बहुतेक वित्तसंस्थांच्या पत्राला मुदत असते. ते ड्रॉवरमध्ये पडून मुदत संपली की नव्याने मागावं लागतं. म्हणूनच ‘लोन क्लिअर’ असं तोंडी सांगितलं जातं तेव्हा त्याचा अर्थ बहुधा ‘हप्ते संपले’ एवढाच असतो. आपल्या जाहिरातीत ‘कर्ज फिटलं आहे’ एवढ्यावर थांबून चालणार नाही. ‘आरसीवरचा बोजा उतरवला आहे’ असं लिहायला हवं, आणि दुकानदाराने ते काम जाहिरात देण्याआधी केलेलं असायला हवं.

चलनांचं तपासणं सर्वांत सोपं आहे. महाराष्ट्रातल्या गाडीसाठी mahatrafficechallan.gov.in या साइटवर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की बाकी दंड समोर येतो. दोन मिनिटांचं काम आहे. पण चलन उशिराही चढतं. कॅमेऱ्याने आज टिपलेला गुन्हा काही दिवसांनी दिसू शकतो. त्यामुळे ‘चलन शून्य’ असं छापून मोकळं होण्यापेक्षा ‘तुमच्यासमोर पुन्हा तपासू’ असं लिहिणं अधिक खरं आहे, आणि ताबा देण्याच्या तारखेआधीच्या चलनांची जबाबदारी पावतीवर लिहून देणं त्याहून खरं.

विम्याची बाब ग्राहकाला सहसा अपघातानंतरच कळते. ‘इन्शुरन्स चालू’ असं लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. पण पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर असते. तिसऱ्या माणसाला झालेल्या इजेपुरतं संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतं, असं कायदा मानतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र पॉलिसी नावावर करून घेतल्याशिवाय लागू होत नाही, आणि त्यासाठी 14 दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो. शिवाय जुन्या मालकाने दावा न केल्यामुळे हप्त्यात मिळालेली सूट त्याची स्वतःची असते, ती गाडीबरोबर येत नाही. त्यामुळे पॉलिसी नावावर करताना नव्या मालकाला फरकाची रक्कम भरावी लागते. हा खर्च कोण करणार, हे जाहिरातीत एका ओळीत सांगता येतं आणि सांगायला हवं.

आता प्रत्यक्ष गाडीकडे वळू. बऱ्याच दुकानांत ‘पन्नास मुद्द्यांची तपासणी’, ‘शंभर मुद्द्यांची तपासणी’ असे फलक दिसू लागले आहेत. यादी मोठी असली म्हणजे तपासणी कसून झाली असं होत नाही. हॉर्न, इंडिकेटर, आरसा, साइड स्टँड असे चाळीस मुद्दे भरून काढणं सोपं असतं. जुन्या मोटरसायकलीत गिऱ्हाइकाला खड्ड्यात घालणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत: इंजिनची झीज, अपघातात वाकलेली चेसिस किंवा फोर्क, मागे फिरवलेलं मीटर, आणि आपल्या कृष्णाकाठच्या भागात पुराचं पाणी.

इंजिनची परीक्षा थंड असताना घ्यायची. गिऱ्हाईक येण्याआधी पाच मिनिटं गाडी चालू करून ठेवली की बरीचशी लक्षणं झाकली जातात. गरम इंजिन पहिल्या सेल्फला उठतं आणि आवाजही मऊ येतो. म्हणून आधी सिलिंडरच्या फिन्सजवळ हात नेऊन पाहावा. ऊब लागली तर थांबावं, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी यावं. थंड इंजिन सुरू झाल्यावर पहिल्या काही क्षणांत सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर ऑइल जळतंय. रिंगा झिजल्या आहेत किंवा व्हॉल्व्हचं सील गेलं आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, ते तुलनेने किरकोळ. पांढरी वाफ थंडीच्या सकाळी येते आणि विरून जाते, तिची काळजी नको. बाजूने खुळखुळ असा साखळीसारखा आवाज येत राहिला तर टायमिंग चेन सैल झाली आहे. इंजिनच्या कव्हरच्या सांध्यातून करडं सीलंट बाहेर आलेलं दिसलं तर इंजिन कधीतरी उघडलं गेलंय. उघडलं असेल तर ते वाईटच असं नाही; कोणी उघडलं, का उघडलं आणि पावती आहे का, एवढं विचारायचं.

चेसिस आणि फोर्कसाठी कुठलंही यंत्र लागत नाही. गाडी सेंटर स्टँडवर घ्यावी, पुढचं चाक उचललेलं राहील असं मागे वजन द्यावं आणि हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावं. मधोमध येताना ते खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेट गेलाय. खड्ड्यांच्या रस्त्यांवर हे होतंच आणि बदलणं फार महाग नाही. पण सरळ, रिकाम्या रस्त्यावर हळू चालवताना हँडल एका बाजूला ओढ घेत असेल, मागून पाहताना दोन्ही चाकं एका रेषेत दिसत नसतील, आणि हँडलखालच्या चेसिसच्या मानेजवळ वेल्डिंगचा किंवा नव्या रंगाचा वेगळा पट्टा असेल, तर गाडी समोरून जोरात धडकलेली आहे. ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. त्याच मानेवर चेसिस नंबर ठोकलेला असतो. तो आरसीशी अक्षर-अक्षर जुळवावा. आकडे वाकडेतिकडे असतील, किंवा आजूबाजूला ग्राइंडर फिरल्याच्या रेघा असतील, तर बोलणी तिथेच थांबवावी. इंजिन नंबरही तसाच जुळवावा, कारण इंजिन बदललेल्या गाड्या बाजारात असतात.

मीटरचा आकडा ही सर्वांत जास्त विश्वास ठेवली जाणारी आणि सर्वांत कमी विश्वासार्ह गोष्ट आहे. डिजिटल मीटर फिरवता येत नाही हा समज चुकीचा आहे. तेही फिरवलं जातं. खरा हिशेब कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदींतून मिळतो, कारण प्रत्येक सर्व्हिसला तारीख आणि किलोमीटर लिहिलेले असतात. मात्र वॉरंटी संपल्यावर बहुतेक लोक गल्लीतल्या मेकॅनिककडे जातात आणि नोंदी तिथेच तुटतात. आपल्या उदाहरणातल्या गाडीच्या नोंदी 31,000 किलोमीटरपर्यंत आहेत, पुढे नाहीत. मग दुकानदाराने काय लिहावं? तेच. ‘सर्व्हिस नोंदी 31,000पर्यंत मिळतात.’ पुढचे 7,400 किलोमीटर खरे आहेत की नाही हे तो छातीठोकपणे सांगू शकत नाही, तर त्याने तसं सांगू नये. गिऱ्हाइकाने फुटरेस्टचं रबर, गिअर लिव्हरचं टोक आणि हँडलच्या ग्रिपा पाहाव्यात. मीटर वीस हजार दाखवतंय आणि फुटरेस्टचं रबर गुळगुळीत झालंय, असं असेल तर रबराचं ऐकावं. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते: 3819 म्हणजे 2019 सालचा 38वा आठवडा. नोव्हेंबर 2019च्या गाडीवर हाच टायर मागे असेल, तर तो मूळचा आहे. 38,400 किलोमीटर धावलेल्या गाडीवर मूळचा मागचा टायर अजून शाबूत असणं जवळजवळ अशक्य आहे. तो शाबूत दिसला, तर टायर आणि मीटर दोन्हींबद्दल प्रश्न विचारावा लागतो.

आणि पूर. ऑगस्ट 2019मध्ये आणि पुन्हा जुलै 2021मध्ये सांगली-कोल्हापूर भागात पाणी शहरात शिरलं. 2021मध्ये चिपळूणही बुडालं. अनेक दुचाकी दिवसच्या दिवस पाण्याखाली होत्या. त्यांतल्या पुष्कळ धुऊनपुसून पुन्हा रस्त्यावर आल्या, आणि त्यात गैर काही नाही. गैर आहे ते हे लपवून विकणं. पुरातल्या गाडीचं इंजिन दुरुस्त होतं, पण वायरिंग वर्षानुवर्षं त्रास देत राहतं. कुठे आज सेल्फ बंद, कुठे पुढच्या पावसात मीटर बंद. अशी गाडी ओळखायची तर बाहेरून चकाकणाऱ्या भागांकडे पाहू नये, कारण ते धुतले जातात. सीट काढून खालचे वायरिंगचे कप्लर उघडावेत. आतल्या पितळी टोकांवर हिरवट बुरशीसारखा थर असेल तर पाणी तिथे राहिलेलं आहे. हेडलाइटच्या घरात आतून, एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी आणि सीटखालच्या कोपऱ्यांत बारीक, वाळलेला गाळ सापडतो. नदीचा गाळ सर्व्हिसिंगच्या फवाऱ्याने सगळीकडून निघत नाही. नोव्हेंबर 2019चं पासिंग असलेली आपली गाडी पहिल्या पुरानंतर नोंदली गेली, पण दुसऱ्या पुराच्या वेळी ती याच भागात असू शकते. म्हणून दुकानदाराने हे कप्लर उघडून त्यांचे फोटो काढून ठेवावेत आणि जाहिरातीत ते दाखवायची तयारी लिहावी. सांगलीच्या वाचकाला या एका वाक्याची जितकी किंमत कळेल तितकी दुसऱ्या कुठल्याही वाक्याची कळणार नाही.

इतकं सगळं पाहूनही काही गोष्टी कळत नाहीत. इंजिन न उघडता पिस्टनची अचूक झीज सांगता येत नाही. क्लच प्लेट अजून किती टिकेल, याचाही अंदाजच असतो. जाहिरातीत हेही यायला हवं, आणि दुकानदार घाबरतो तो इथेच. स्वतःच्या मालाचं उणं स्वतः छापायचं?

याचं उत्तर जाहिरातीच्या इतिहासात आहे. 1960मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगन बीटलची एक जाहिरात निघाली. न्यूयॉर्कच्या डॉयल डेन बर्नबॅक या संस्थेने ती केली होती. गाडीच्या फोटोखाली एकच इंग्रजी शब्द होता, जो सदोष, फसव्या गाडीसाठी वापरतात. खालच्या मजकुरात सांगितलं होतं की फोटोतली ही गाडी कारखान्याच्या तपासनीसाने नाकारली, कारण पुढच्या कप्प्यावरच्या क्रोमच्या पट्टीवर डाग होता. ‘आम्ही फार काटेकोर तपासतो’ असं शंभर वेळा सांगून जे साधलं नसतं, ते एका डागाच्या उल्लेखाने साधलं. वाचणाऱ्याच्या मनात आपोआप आलं की इतका बारीक दोष पाहणाऱ्यांनी मोठा दोष सोडला नसेल. आपल्या दुकानदाराने ‘मागचा टायर बदलावा लागेल’ असं लिहिलं की नेमकं हेच घडतं. टायरचे पैसे वाचक मनात वजा करतो. पण बाकीच्या वाक्यांवर तो विश्वास ठेवू लागतो.

तर आता जाहिरात लिहू.

‘125 सीसी मोटरसायकल, पासिंग नोव्हेंबर 2019. मीटर 38,400, सर्व्हिस नोंदी 31,000पर्यंत मिळतात. मागचा टायर झिजला आहे, सहा महिन्यांत बदलावा लागेल. पुढच्या फोर्कचं ऑइल सील आम्ही बदललं, पावती आहे. इंजिन उघडून पाहिलेलं नाही. पुराचं पाणी लागल्याची खूण सापडली नाही. सीट काढून कप्लर दाखवू. आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवला आहे. चलन बाकी नाही, तुमच्यासमोर पुन्हा तपासू. अधिकृत विक्रेते, या गाडीचा 29सी पाहायला मागा. सकाळी आठला या, थंड इंजिन तुम्हीच सुरू करा. मेकॅनिक बरोबर आणा. किंमत 46,000, नाव-बदलाच्या खर्चासह. विमा नावावर करण्याचा खर्च तुमचा. यातले शेवटचे 3,000 रुपये आरसीवर तुमचं नाव आल्यावरच द्या.’

यात स्तुतीचं एकही विशेषण नाही. ‘विश्वासार्ह’, ‘प्रामाणिक’, ‘पारदर्शक’ यांतला एकही शब्द नाही, आणि त्यांची गरजही पडलेली नाही. सगळ्यात मोठं काम शेवटचं वाक्य करतं. जुन्या गाडीच्या व्यवहारात पूर्ण पैसे हातात पडले की दुकानदाराचा नाव-बदलातला रस संपतो. ‘आरटीओत गर्दी आहे’, ‘एजंट गावाला गेलाय’ असं म्हणत महिने जातात. तीन हजार रुपये मागे राहिले की हे काम दुकानदाराचं स्वतःचं होतं. फसवायचं असेल त्याला हे वाक्य परवडत नाही. खरं काम करणाऱ्याला ते थोडा उशीर सोसून परवडतं. रक्कम तीन हजारच हवी असं नाही. व्यवहारातला नफा जेवढा असेल, त्याच्या जवळपास ती असावी, म्हणजे ती बुडवणं परवडत नाही. गिऱ्हाइकाने ती बुडवू नये यासाठी दुकानदाराने पावतीवर दोघांच्या सह्यांनी अट लिहून घ्यावी. काही जण तरीही टाळाटाळ करतील. तो धोका या धंद्यात आहे आणि किंमत ठरवताना तो धरावा लागेल.

कायद्याच्या बाजूनेही अशी जाहिरात सुरक्षित आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, आणि तेच पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. जून 2022मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, मोठ्या अक्षरांत केलेला दावा तळाच्या बारीक खुलाशाने फिरवता येत नाही. खुलासा दावा ज्या भाषेत आहे त्याच भाषेत असावा लागतो. मराठीत ‘शंभर टक्के पेपर क्लिअर’ आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत ‘नाव-बदलाची जबाबदारी ग्राहकाची’, हे या सूचनांत बसत नाही.

आमच्या वाचकांपैकी जे जुनी दुचाकी घ्यायच्या विचारात असतील, त्यांनी जाहिरातीचं कात्रण किंवा स्क्रीनशॉट जपून ठेवावा आणि दुकानात तो समोर धरून एकेक वाक्य जुळवावं. आणि जे आपली गाडी दुकानात विकायला सोडणार असतील, त्यांना एक कळकळीची विनंती. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. ताबा दिल्याची तारीख आणि वेळ पावतीवर लिहून घ्या, 29सी भरल्याची प्रत मागा. गाडी विकली गेल्याचं कळल्यावर महिन्याभराने एकदा गाडीची नोंद तपासा. तिथे अजून तुमचंच नाव दिसलं, तर दुकानदाराच्या पुढच्या आश्वासनाची वाट न पाहता त्याच आठवड्यात परिवहन कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.